साहेबांच्या रिपोर्टमधले मर्ज सेल सोडवून रिकाम्या जागा कशा भरायच्या

बेळगावात पाईप आणि फिटिंगच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे मी हिशेबाचं काम करते. दर महिन्याच्या तीन-चार तारखेला मॅनेजरसाहेबांकडून तालुकावार विक्रीचा रिपोर्ट येतो. छापून मालकांसमोर ठेवायला तो उत्तम असतो. तालुक्याचं नाव एकदाच, मोठ्या अक्षरात, चार-पाच ओळींच्या मधोमध असतं, त्याखाली गाव, प्रत्येक तालुक्याखाली बेरीज आणि सगळ्यात शेवटी एकंदर बेरीज. पण त्याच शीटवर कुणी "खानापुरात फिटिंग कोणत्या गावात जास्त खपली?" असं विचारलं आणि तुम्ही सॉर्ट करायला गेलात, की एक्सेल म्हणतं:

```
To do this, all the merged cells need to be the same size.
```

नव्याने कामाला लागलेली मुलं इथे अडतात आणि मग सगळा रिपोर्ट हाताने पुन्हा टाईप करायला घेतात. तसं करू नका. हे दहा मिनिटांचं काम आहे. मात्र ते ठराविक क्रमानेच करावं लागतं. क्रम चुकला तर आकडे गुपचूप बदलतात आणि एक्सेल काहीही बोलत नाही.

## काय काय लागेल

- मूळ रिपोर्टची फाईल. पीडीएफ किंवा फोटो चालणार नाही, एक्सेलचीच मागून घ्या.
- एक्सेल, शक्यतो 2016 किंवा त्यानंतरचं. पायऱ्या 1 ते 7 जुन्या एक्सेलमध्येही होतात.
- रिपोर्टची छापील प्रत किंवा दुसऱ्या खिडकीत उघडलेली मूळ फाईल. अधूनमधून तिच्याकडे बघावंच लागतं.
- रिपोर्ट ज्यांनी बनवला त्यांचा फोन नंबर. हे का, ते पायरी 5 मध्ये कळेल.

उदाहरण म्हणून एक छोटा रिपोर्ट घेऊ. आकडे समजवण्यापुरते मी ठरवलेले आहेत, मांडणी मात्र खऱ्या रिपोर्टसारखीच आहे. पहिल्या तीन ओळींत शीर्षक, चौथ्या ओळीत कॉलमची नावं आणि पाचव्या ओळीपासून माहिती. मर्ज सोडवल्यावर तो असा दिसतो:

| ओळ | A तालुका | B गाव | C माल | D नग | E रक्कम |
|---|---|---|---|---|---|
| 5 | खानापूर | नंदगड | पाईप | 40 | 18000 |
| 6 | | | फिटिंग | 120 | 6000 |
| 7 | | लोंढा | पाईप | 25 | 11250 |
| 8 | | | फिटिंग | | |
| 9 | खानापूर एकूण | | | 185 | 35250 |
| 10 | हुक्केरी | संकेश्वर | पाईप | 60 | 27000 |
| 11 | | | फिटिंग | 200 | 10000 |
| 12 | | यमकनमर्डी | पाईप | 30 | 13500 |
| 13 | | | फिटिंग | 80 | 4000 |
| 14 | हुक्केरी एकूण | | | 370 | 54500 |
| 15 | एकंदर एकूण | | | 555 | 89750 |

## 1. प्रत काढा आणि एकंदर बेरीज कागदावर लिहा

शीटच्या खालच्या टॅबवर उजवं क्लिक करा, `Move or Copy` निवडा, `Create a copy` वर खूण करा. मूळ शीटला हात लावायचा नाही.

मग एकंदर बेरीज एका कागदावर लिहून ठेवा: नग 555, रक्कम 89750. शेवटी आपलं टेबल बरोबर झालं की नाही हे या दोन आकड्यांवरूनच ठरणार आहे. फाईलमध्येच लिहिलं तर चालत नाही का, असं मला विचारतात. चालतं, पण तो आकडा फॉर्म्युल्यासकट उचलला गेला तर पुढे ओळी काढताना तोही बदलतो. कागदावरचा बदलत नाही.

## 2. मर्ज सोडवण्याआधी एकदा नजर फिरवा

ही पायरी सगळे गाळतात आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तालुक्याचं नाव चार ओळींच्या मधोमध दिसतं, ते दोन प्रकारे आलेलं असू शकतं. पहिल्या प्रकारात चारही सेल खरोखर मर्ज केलेले असतात. अशा वेळी नाव दिसायला मधे दिसलं तरी ते वरच्या सेलचंच असतं, आणि मर्ज सोडवलं की ते आपोआप पहिल्या ओळीत जाऊन बसतं. दुसऱ्या प्रकारात कुणीतरी मर्ज न करताच, नाव दुसऱ्या किंवा तिसऱ्या ओळीत टाईप करून मधल्या रेघा काढून टाकलेल्या असतात. कागदावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात.

ओळखायचं कसं? नावावर क्लिक करा. खरं मर्ज असेल तर निवडीची चौकट चारही ओळींभोवती येते आणि वर `Merge & Center` चं बटण दाबलेलं दिसतं. चौकट एकाच ओळीपुरती आली तर ते नुसतं दिसायला मर्ज आहे. असं नाव कट करून (`Ctrl+X`) त्या गटाच्या पहिल्या ओळीत पेस्ट करा.

हे मी कशी शिकले तेही सांगते. एका महिन्यात रायबाग तालुक्याचं नाव असंच तिसऱ्या ओळीत टाईप केलेलं होतं. वरच्या दोन ओळी कुडचीच्या होत्या. मी रिकाम्या जागा भरल्या तेव्हा त्या दोन ओळींना वरच्या सेलमधला मजकूर मिळाला, आणि वरच्या सेलमध्ये होतं "हुक्केरी एकूण". मग मी "एकूण" लिहिलेल्या सगळ्या ओळी फिल्टर करून काढून टाकल्या. कुडचीची दोन ओळींची विक्री त्यांच्याबरोबर गेली. एक्सेलने काही चूक दाखवली नाही, टेबल अगदी स्वच्छ दिसत होतं. बेरीज जुळेना तेव्हा कुठे अर्धा दिवस हुडकल्यावर सापडलं.

म्हणून मर्ज सोडवल्यानंतरही एक गोष्ट पुन्हा बघायची: प्रत्येक "एकूण" ओळीच्या लगेच खालच्या ओळीत तालुक्याचं नाव असलंच पाहिजे. वरच्या टेबलात ओळ 9 नंतर ओळ 10 मध्ये हुक्केरी आहे, म्हणजे ठीक.

गावाच्या कॉलमलाही हाच नियम लावा. तालुक्याच्या पहिल्या ओळीत गाव रिकामं असेल (समजा विक्री थेट तालुक्याच्या नावावर आहे), तर भरताना आधीच्या तालुक्याचं शेवटचं गाव तिथे येईल. हुक्केरीच्या पहिल्या ओळीत लोंढा लागलेला दिसला की आपल्या भागातला कुणीही हसेल, पण बाहेरच्या माणसाला ते कळणार नाही. अशा ठिकाणी आधीच "थेट" असं काहीतरी लिहून टाका.

## 3. मर्ज सोडवा

आधी फिल्टर लावलेला असेल तर काढा आणि लपवलेल्या ओळी उघडा. मग `Ctrl+A` ने पूर्ण शीट निवडा. कर्सर माहितीत असेल तर पहिल्या वेळी फक्त तेवढा भाग निवडला जातो, म्हणून पुन्हा एकदा दाबा. `Home` मध्ये `Merge & Center` च्या शेजारच्या बाणावर क्लिक करून `Unmerge Cells` निवडा.

आता शीट विस्कटल्यासारखं दिसेल. नावं वर सरकलेली, खाली रिकाम्या जागा. असंच दिसायला हवं.

शीर्षकाच्या ओळी 1 ते 3 तशाच राहू देत, आपलं काम ओळ 4 पासून खाली आहे. मात्र रिपोर्ट दोन-तीन पानांचा असेल आणि प्रत्येक पानावर कॉलमची नावं पुन्हा लिहिलेली असतील, तर मधल्या त्या ओळी आत्ताच काढून टाका. नाहीतर भरताना "तालुका" हा शब्दच तालुक्याचं नाव म्हणून खाली उतरतो. पानाच्या सुरुवातीला "खानापूर (पुढे चालू)" असं असेल तर ते नुसतं "खानापूर" करा.

## 4. फक्त नावांचे कॉलम भरा

निवड करायची ती फक्त `A5:B15`. नग आणि रक्कम निवडायची नाही. आता क्रमाने:

1. `A5:B15` निवडा. नंबर फॉरमॅट `General` करून घ्या. सेल `Text` फॉरमॅटमध्ये असले तर फॉर्म्युला चालत नाही, `=A5` अशी अक्षरंच दिसत राहतात.
2. `Ctrl+G` दाबा, `Special` वर क्लिक करा, `Blanks` निवडा, `OK`. रिकामे सेल तेवढे निवडले जातील. आपल्या उदाहरणात ते तेरा आहेत.
3. माऊसला हात न लावता `=` टाईप करा आणि वरचा बाण एकदा दाबा. `A6` या सेलमध्ये `=A5` दिसेल.
4. `Enter` नाही, `Ctrl+Enter` दाबा.

नुसतं `Enter` दाबलं तर एकच सेल भरतो. `Ctrl+Enter` ने निवडलेल्या प्रत्येक सेलमध्ये "माझ्या वरचा सेल" असा फॉर्म्युला जातो. `A7` मध्ये `=A6`, `A8` मध्ये `=A7`. नाव एकेक पायरी उतरत खाली येतं.

कधीकधी दुसऱ्या पायरीला `No cells were found` असा निरोप येतो, आणि डोळ्यांना तर रिकाम्या जागा दिसत असतात. याचा अर्थ त्या रिकाम्या नाहीत. कुणीतरी स्पेस दाबून ठेवलेली असते किंवा दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून येताना काहीतरी चिकटून आलेलं असतं. बाजूच्या मोकळ्या सेलमध्ये `=ISBLANK(A6)` लिहून बघा. `FALSE` आलं तर तो रिकामा नाही. अशा वेळी कॉलम G मध्ये, पाचव्या ओळीत हे लिहा आणि खाली ओढा:

```
=IF(TRIM(A5)="",G4,A5)
```

सेलमध्ये काही लिहिलेलं असेल तर ते घे, नसेल तर माझ्याच वरच्या ओळीतलं घे, एवढाच त्याचा अर्थ. गावासाठी H मध्ये तसंच करा. मग दोन्ही कॉलम कॉपी करून A आणि B वर फक्त व्हॅल्यू म्हणून पेस्ट करा आणि G, H काढून टाका. गुगल शीट्समध्ये `Go To Special` नाही, तिथेही हीच पद्धत वापरावी लागते.

## 5. आकड्यांच्या रिकाम्या जागा वरून भरायच्या नाहीत

ओळ 8 बघा. लोंढा, फिटिंग, नग रिकामा, रक्कम रिकामी. घाईत `A5:E15` पूर्ण निवडून भरलं तर इथे 25 नग आणि 11250 रुपये येतात, म्हणजे वरची पाईपची विक्री फिटिंगच्या नावावर पुन्हा लागते. खानापूरच्या ओळींची बेरीज 35250 ऐवजी 46500 होते.

पण मग ती जागा रिकामी ठेवायची की 0 लिहायचं? हे आपण टेबलाजवळ बसून ठरवू शकत नाही. साहेबांना फोन करा. लोंढ्याला त्या महिन्यात फिटिंग विकलीच नसेल तर 0. तिथला हिशेब अजून आलेला नसेल तर रिकामं. बेरजेत फरक पडत नाही, म्हणून लोक हे सोडून देतात. सरासरीत पडतो. रिकामं ठेवलं तर `AVERAGE` तो सेल मोजतच नाही आणि फिटिंगची सरासरी 120, 200 आणि 80 या तिघांची, म्हणजे सुमारे 133 नग येते. 0 लिहिलं तर चौघांची होते आणि 100 नग येते. याच आकड्यावरून पुढच्या महिन्याचा माल मागवला जातो.

मी एकदा असं विचारलं तेव्हा साहेब म्हणाले, "अहो, त्याचं बिल अजून माझ्या टेबलावरच आहे, संध्याकाळी देतो." मी 0 टाकून मोकळी झाले असते तर ती विक्री कायमची हुकली असती.

## 6. फॉर्म्युले गोठवा, मग तालुकावार बेरीज पडताळा

आता A आणि B मध्ये फॉर्म्युले आहेत, खरी नावं नाहीत. याच अवस्थेत सॉर्ट केलं तर प्रत्येक सेल आपल्या नव्या जागेच्या वरचं नाव उचलतो आणि गावं भलत्याच तालुक्यात जातात. मधली एखादी ओळ काढली तर खाली `#REF!` येतं. म्हणून `A5:E15` पूर्ण निवडा, `Ctrl+C`, मग `Ctrl+Alt+V`, `V`, `Enter`. एखाद्या नावावर क्लिक करून वरच्या पट्टीत बघा. `=A5` न दिसता "खानापूर" दिसलं की झालं.

एकूणच्या ओळी अजून काढू नका. त्यांचा एक उपयोग बाकी आहे. मोकळ्या सेलमध्ये लिहा:

```
=SUMIF(A5:A15,"खानापूर",E5:E15)
```

उत्तर 35250 आलं पाहिजे, म्हणजे ओळ 9 मधला आकडा. "खानापूर एकूण" हे नाव वेगळं असल्यामुळे ती ओळ या बेरजेत येत नाही. हुक्केरीचं 54500 यायला हवं. माझ्या रायबागच्या वेळी मी एवढं केलं असतं तर चूक लगेच दिसली असती, कारण रायबागची बेरीज तिथेच कमी आली असती.

नाव तेच दिसत असूनही 0 आलं तर लिहिण्यातला फरक बघा. आपल्याकडे हे फार होतं. 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी कागदावर बेळगावी आलं, पण आपण बेळगाव लिहितो, आणि एकाच रिपोर्टमध्ये दोन्ही सापडतात. चिकोडी-चिक्कोडी, निपाणी-निप्पाणी तसंच. एक्सेलला ते दोन वेगवेगळे तालुके वाटतात. कोणतं रूप ठेवायचं ते कार्यालयात एकदा ठरवून घ्या आणि `Ctrl+H` ने सगळीकडे तेच करा.

## 7. एकूणच्या ओळी काढा

या ओळी राहिल्या तर विक्री तिप्पट दिसते. गावांची बेरीज 89750, तालुक्यांची 89750 आणि एकंदर 89750, मिळून 269250. पिव्हट टेबलमध्ये आकडा नेमका तिप्पट किंवा दुप्पट आला तर आधी इथेच बघा.

ओळी काढताना A मधल्या "एकूण" शब्दावर फिल्टर लावू नका. कारण पायरी 2 मध्ये सांगितलंच आहे. त्याऐवजी माल हा कॉलम वापरा. विक्रीच्या प्रत्येक ओळीत माल लिहिलेला असतो, बेरजेच्या ओळीत नसतो, आणि C आपण भरलेलाच नाही. `A4:E15` निवडून `Ctrl+Shift+L` दाबा, C च्या बाणावर फक्त `(Blanks)` ठेवा. ओळ 9, 14 आणि 15 दिसतील. दिसणाऱ्या प्रत्येक ओळीत बेरीजच आहे ना, हे वाचून बघा, मगच `Delete Row` करा. फिल्टर काढा.

तुमच्या रिपोर्टमध्ये "एकूण" हा शब्द मालाच्याच कॉलममध्ये लिहिलेला असेल तर C मध्ये तोच शब्द निवडा.

आता 8 ओळी उरल्या पाहिजेत. त्यांची बेरीज कागदावरच्या आकड्यांशी लावून बघा: 555 आणि 89750. नंतर शीर्षकाच्या तीन ओळी काढा, म्हणजे कॉलमची नावं पहिल्या ओळीत येतील. एकाही कॉलमचं नाव रिकामं ठेवू नका, पिव्हट टेबल तिथेच अडतं.

## 8. दर महिन्याला हेच करायचं असेल तर

तीन महिने हाताने करा. तेवढ्यात तुमच्या साहेबांच्या रिपोर्टची खोड कळते. मग पॉवर क्वेरीकडे जा. ओळ 4 पासूनचा भाग निवडून `Data` मध्ये `From Table/Range` घ्या. टेबल होताना मर्ज आपोआप सुटतात. उघडलेल्या खिडकीत तालुका आणि गाव हे दोन कॉलम निवडून `Transform`, `Fill`, `Down`. मालाच्या कॉलममधून `null` वरची खूण काढा म्हणजे बेरजेच्या ओळी जातील. मग `Close & Load`. पुढच्या महिन्यात नवा रिपोर्ट त्या टेबलात व्हॅल्यू म्हणून चिकटवून `Refresh` केलं की झालं. आधी जुना मजकूर पुसा, नाहीतर नवा रिपोर्ट लहान असला तर मागच्या महिन्याच्या ओळी खाली तशाच राहतात.

इथे `Fill Down` फक्त `null` भरतं. ज्या सेलमध्ये स्पेस आहे तो तसाच राहतो. आणि मधोमध टाईप केलेलं तालुक्याचं नाव पॉवर क्वेरीलाही ओळखता येत नाही, त्यामुळे पायरी 2 ची नजर आणि कागदावरची बेरीज दर महिन्याला लागतेच.

फाईल पुढे पाठवताना तिच्यात मूळ शीट आणि तयार टेबल दोन्ही ठेवा, आणि ओळ 8 सारख्या जागी फोनवर काय उत्तर मिळालं ते त्या सेलवर कॉमेंट म्हणून तारखेसकट लिहा. सहा महिन्यांनी लोंढ्याचा तो 0 कुठून आला, असं कुणीतरी विचारतंच.